एकाच टायमरवर पन्नास मिनिटं अभ्यास आणि दहा मिनिटं सुट्टी

प्रश्न: मुलगा बारावी सायन्सला आहे. अभ्यासाच्या वेळी मोबाईल माझ्याकडे देतो, म्हणून त्याला साधं डिजिटल घड्याळ घेऊन दिलं. ५० मिनिटं अभ्यास आणि १० मिनिटं सुट्टी असं ठरवलंय, पण टायमर एकदा वाजला की संपला. सुट्टीनंतर पुन्हा लावायला तो विसरतो आणि दहाची पंचवीस मिनिटं होतात. हे आपोआप फिरत राहील असं लावता येतं का? परळला एका खोलीत राहतो, त्यामुळे कधी कधी तो अभ्यासिकेत जातो. तिथे घड्याळ वाजलेलं चालत नाही.

उत्तर: लावता येतं, आणि बहुधा आहे त्याच घड्याळात. अडचण अशी की साध्या घड्याळात टायमर एकच असतो. तो आपोआप फिरणारा असला तरी दर वेळी तेवढीच मिनिटं मोजतो. पन्नासवर लावला तर पन्नास मिनिटांनी वाजेल, मग पुन्हा पन्नास मिनिटांनी. दहा मिनिटांची सुट्टी त्याला ठाऊक नसते. तुम्हाला दोन इशारे हवेत, एक सुट्टीसाठी आणि एक परत बसण्यासाठी. दुसरा इशारा घड्याळात आधीपासूनच असतो, फक्त तो टायमरमध्ये नसून गजराच्या मोडमध्ये असतो. तो म्हणजे दर तासाला होणारा टोला. स्क्रीनवर त्याची खूण बहुतेक वेळा `SIG` अशी असते.

मांडणी अशी करायची. तासाचा टोला चालू ठेवायचा आणि टायमर पन्नास मिनिटांचा न लावता पूर्ण एक तासाचा, आपोआप फिरणारा लावायचा. हा टायमर तास पूर्ण होऊन दहा मिनिटं झाली की सुरू करायचा, म्हणजे समजा संध्याकाळी ५:१० ला. मग ६:०० ला टोला पडतो आणि सुट्टी सुरू होते. ६:१० ला टायमर वाजतो आणि अभ्यास सुरू होतो. ७:०० ला टोला, ७:१० ला टायमर. अशी साखळी कोणी हात न लावता चालू राहते. ५:१० ते ९:०० मध्ये पन्नास मिनिटांच्या चार बैठका आणि मध्ये दहा मिनिटांच्या तीन सुट्ट्या बसतात.

टोल्यावर सुट्टी आणि टायमरवर अभ्यास, हा क्रम मुद्दाम ठेवलेला आहे. टोला म्हणजे एक-दोन छोटे बीप असतात. पंखा पूर्ण वेगात असेल किंवा शेजारी कुकरची शिट्टी होत असेल तर तो सहज ऐकू येत नाही. टायमर मात्र साधारण दहा सेकंद वाजत राहतो. सुट्टीचा इशारा हुकला तर मुलगा पाच-सात मिनिटं जास्त अभ्यास करेल, त्यात फार बिघडत नाही. परत बसायचा इशारा हुकला की तुम्ही लिहिलंय तेच होतं. म्हणून जोरदार आवाज तिथे लावायचा जिथे घसरण होते. हाच क्रम उलटा, म्हणजे ५:५० ला टायमर सुरू करूनही लावता येतो. तेव्हा सुट्टी ५० ते ०० अशी पडते. घरात बरोबर सातला किंवा आठला टीव्हीवर मालिका सुरू होत असेल आणि सुट्टीतला मुलगा तिथे अडकत असेल, तर हा उलटा क्रम घ्या. मात्र परत बसण्याचा इशारा तेव्हा छोट्या टोल्यावर येतो, म्हणून घड्याळ टेबलावर न ठेवता सुट्टीत तो जिथे असेल तिथे जवळ ठेवावं लागतं.

आता बटणांकडे. बहुतेक साध्या घड्याळांत डावीकडे खाली मोडचं बटण असतं. ते एकेकदा दाबत गेलं की वेळ, गजर, टायमर, स्टॉपवॉच असे मोड येतात (क्रम मॉडेलप्रमाणे बदलतो). आधी गजराच्या मोडमध्ये जाऊन उजवीकडचं खालचं बटण दाबून पाहा. गजर आणि टोल्याच्या खुणा आळीपाळीने चालू-बंद होतील. हवी ती जोडी म्हणजे टोल्याची खूण चालू आणि गजराची खूण बंद. मग टायमरच्या मोडमध्ये या, तिथे `TR` किंवा `TMR` दिसतं. डावीकडचं वरचं, ॲडजस्टचं बटण आकडे लुकलुकेपर्यंत दाबून धरा. तास १ करा, मिनिटं ००, सेकंद असतील तर तेही ००. इथे एक नेहमीची चूक होते. मिनिटांच्या जागी ६० येत नाही, म्हणून घाईत ०:०० तसंच राहतं आणि कॅसिओच्या बऱ्याच घड्याळांत ०:०० म्हणजे चोवीस तास. टायमर मग दुसऱ्या दिवशी वाजतो.

मिनिटं लावून झाली तरी ॲडजस्टमधून लगेच बाहेर पडू नका. मोडचं बटण आणखी एक-दोनदा दाबत राहा. आपोआप फिरण्याची, म्हणजे ऑटो-रिपीटची सोय असेल तर ती याच रांगेत पुढे येते आणि तिथे चालू किंवा बंद निवडता येतं. अनेकदा ती बंदच असते, म्हणून टायमर एकदा वाजून संपतो. टाइमेक्सच्या आयर्नमॅन घड्याळांत हाच पर्याय टायमर संपल्यावर थांबायचं की पुन्हा सुरू व्हायचं, अशा स्वरूपात शेवटी येतो. कॅसिओच्या जी-शॉक डीडब्ल्यू-५६०० मध्ये ऑटो-रिपीट आहे. एफ-९१डब्ल्यू हे स्वस्त आणि घरोघरी दिसणारं मॉडेल आहे, त्यात मात्र टायमरच नाही. त्यात स्टॉपवॉच, एक गजर आणि टोला एवढंच आहे.

लावलेलं बरोबर आहे का हे आठवडाभर वाट पाहून कळायला नको. आधी एक मिनिटाचा टायमर लावा, ऑटो-रिपीट चालू करा आणि दहा-बारा मिनिटं घड्याळ टेबलावर सोडून द्या. दर मिनिटाला ते वाजायला हवं. एकदाच वाजलं तर ऑटो-रिपीट लागलेलं नाही. काही वेळा वाजून मग गप्प झालं, तर तुमचं मॉडेल ठरावीक फेऱ्यांनंतर थांबणारं आहे. तेवढ्या फेऱ्या रोजच्या चार बैठकांना पुरत असतील तर काही करायची गरज नाही, कारण टायमर रोज नव्यानेच सुरू करायचा आहे.

रोज नव्याने का, तर एक तासाचा फिरता टायमर रात्रीही दर तासाला दहा मिनिटांनी वाजेल आणि टोलाही पडेल. एका खोलीत पहाटे तीनला घड्याळ वाजलं की घड्याळ कपाटात जातं आणि सगळी मांडणी तिथेच संपते. म्हणून शेवटची बैठक झाली की टायमर थांबवून परत १:०० वर आणायचा आणि टोला बंद करायचा. दुसऱ्या दिवशी अभ्यासाला बसताना टोला चालू आणि ५:१० ला टायमर सुरू. दिवसाला दोनदा घड्याळाला हात लावावा लागतो, एवढीच याची किंमत. आत्ता तो प्रत्येक सुट्टीनंतर लावायचा प्रयत्न करतोय, त्याऐवजी.

तुमच्या घड्याळात ऑटो-रिपीट नसेल पण गजर एकापेक्षा जास्त असतील, तर त्याहून सोपा मार्ग आहे. कॅसिओच्या एई-१२००डब्ल्यूएच मध्ये पाच गजर आहेत. ५:१०, ६:१०, ७:१० आणि ८:१० असे चार लावा, टोला चालू ठेवा, टायमरची गरजच नाही. पाचवा, स्नूझवाला गजर सकाळी उठायला ठेवा. हे गजर रोज आपापल्या वेळी वाजतात, सुरू करायची आठवण ठेवावी लागत नाही आणि रात्री फक्त टोला बंद करायचा राहतो. ज्याच्या बैठकांची वेळ रोज तीच असते त्याच्यासाठी टायमरपेक्षा हेच बरं. क्लासच्या वेळा दिवसागणिक बदलत असतील तर टायमर बरा, कारण तो कुठल्याही तासाच्या दहाव्या मिनिटाला सुरू करता येतो.

दोन्ही प्रकारांत इशारे घड्याळाच्या काट्याला बांधलेले आहेत, मुलगा कधी बसला त्याला नाही. हे आधी विचित्र वाटतं. समजा क्लासवरून यायला उशीर झाला आणि तो ५:२५ ला बसला. तर टायमर ५:२५ ला सुरू करायचा नाही. सहाच्या टोल्यापर्यंत पस्तीस मिनिटं अभ्यास करायचा, सुट्टी घ्यायची आणि ६:१० ला टायमर सुरू करायचा. पहिली बैठक छोटी झाली, पण पुढच्या सगळ्या जागच्या जागी राहिल्या. ज्या टायमरची फेरी प्रत्येक सुट्टीनंतर नव्याने सुरू होते त्यात एक उशीर पुढच्या प्रत्येक बैठकीला पुढे ढकलतो आणि शेवटची बैठक जेवणावर येते. शिवाय तुमच्यासारख्या घरात याचा आणखी एक उपयोग होतो. सुट्टी नेहमी तासाच्या पहिल्या दहा मिनिटांत असते हे सगळ्यांना ठाऊक असलं की चहा, मिक्सर, फोन आणि शेजारच्या काकूंशी बोलणं त्या दहा मिनिटांत नेता येतं.

चालू असताना बिघाड झालाय का हे ओळखायची एक खूण आहे. टायमरच्या मोडमध्ये जाऊन उरलेली मिनिटं बघा आणि घड्याळातल्या मिनिटांत मिळवा. बेरीज ७० यायला हवी. ६:३५ ला टायमरमध्ये ३५ उरलेले दिसतील, ६:५० ला २०. सुट्टीच्या दहा मिनिटांत बेरीज १० येते, म्हणजे ७:०४ ला सहा मिनिटं उरलेली. एखाद्या मिनिटाचा फरक सोडून द्या, कारण सेकंद कापले जातात. पण ६:३५ ला ४२ दिसत असतील आणि आकडा हलत नसेल, तर टायमर थांबलाय.

तो थांबण्याचं नेहमीचं कारण म्हणजे वाजणारं घड्याळ बंद करताना चुकीचं बटण दाबलं जाणं. स्क्रीन टायमरच्या मोडमध्येच असेल आणि सुरू-थांबा करायचं उजवं खालचं बटण दाबलं, तर आवाजाबरोबर पुढची फेरीही थांबू शकते. उपाय सोपा आहे. टायमर सुरू केल्यावर लगेच मोड दाबत वेळेच्या स्क्रीनवर परत या. टायमर मागे चालू राहतो. वाजला की लाइटच्या बटणाने आवाज बंद करा, किंवा दहा सेकंद तसाच वाजू द्या.

दुसरा गोंधळ मुंबईत हमखास होतो. लोकल चुकू नये म्हणून अनेकजण घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवतात. टोला घड्याळाच्या स्वतःच्या वेळेवर पडतो. टायमर मात्र तुम्ही ज्या क्षणी बटण दाबाल तिथून मोजतो. मनगटावरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असेल आणि टायमर भिंतीवरच्या बरोबर घड्याळात ५:१० बघून सुरू केला, तर टोला खऱ्या ५:५५ ला पडेल आणि टायमर ६:१० ला वाजेल. सुट्टी पंधरा मिनिटांची झाली आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. म्हणून एकतर घड्याळ आधी बरोबर लावा, नाहीतर टायमर त्याच घड्याळातले ५:१० बघून सुरू करा. एकदा सुरू झाल्यावर मात्र टोला आणि टायमर एकमेकांपासून सरकत नाहीत, कारण दोघांना चालवणारा क्वार्ट्‌झ स्फटिक एकच असतो. डीडब्ल्यू-५६०० महिन्याला पंधरा सेकंद मागेपुढे होऊ शकतं, पण त्यात दोन्ही इशारे बरोबरीने सरकतात. बटण दाबताना दोन-चार सेकंद इकडेतिकडे झाले तरी चालतं.

सेलबद्दल थोडक्यात. कंपनी सेल किती वर्षं टिकेल हे सांगते तेव्हा दिवसाला थोडे सेकंदच आवाज धरलेला असतो. रोज चार-पाच वेळा दहा सेकंद वाजवलं तर सेल त्याआधी उतरेल. लक्षण म्हणजे आवाज क्षीण होणं, किंवा वाजताना आणि लाइट लावताना आकडे फिके पडणं. असं दिसलं तर परीक्षेच्या महिनाभर आधीच सेल बदलून घ्या. डीडब्ल्यू-५६०० ला सीआर २०१६ लागतो. बदलल्यावर टायमर, टोला आणि ऑटो-रिपीट पुन्हा तपासायचे.

पन्नास-दहाच हवं असं नाही. दोन्हींची बेरीज साठ होईल असं काहीही या मांडणीत बसतं. सुट्टी पंधरा मिनिटांची हवी असेल तर टायमर ५:१५ ला सुरू करा, पाच मिनिटांची हवी असेल तर ५:०५ ला. टायमर तोच, एक तासाचा. पंचवीस मिनिटं अभ्यास आणि पाच मिनिटं सुट्टी हा प्रकार मात्र यात बसत नाही, कारण टोला अर्ध्या तासाला पडत नाही.

अभ्यासिकेत हे घड्याळ नेऊ नका. बऱ्याच साध्या घड्याळांत बटणांचा आवाज बंद करता येतो, पण टायमरचा आणि गजराचा नाही, आणि शांत खोलीत दहा सेकंद फार लांब वाटतात. तिथे व्हायब्रेशन असलेलं काहीतरी लागतं. स्वस्त फिटनेस बँडमधला टायमर बहुतेक वेळा एकदाच चालतो, पण गजर अनेक लावता येतात आणि ते फक्त थरथरतात. त्यात ६:००, ६:१०, ७:००, ७:१० असे दोन्ही प्रकारचे गजर सोमवार ते शनिवार लावून टाका. एकदा बँडमध्ये गेले की मोबाईल घरी राहिला तरी वाजतात, मात्र हे आधी एका संध्याकाळी मोबाईल बंद ठेवून बघा. बँडमध्ये 'बराच वेळ बसलात, उठा' अशी आठवण असते, ती यासाठी वापरू नका. ती शेवटच्या हालचालीपासून मोजते, त्यामुळे तो पाणी प्यायला उठला की तिची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. गार्मिनच्या घड्याळांत टायमर संपल्यावर आपोआप पुन्हा सुरू करायचा पर्याय मिळतो. पण तोही एकाच लांबीचा, म्हणून तिथेही एक तासाचा टायमर आणि तासाच्या ठोक्यांना गजर हीच जोडी लावा. ॲपवाल्या स्मार्टवॉचवर दोन वेगळ्या लांबी लावता येणारं इंटरव्हल टायमरचं ॲप टाकता येतं. त्यात ५० आणि १० अशी मिनिटं आणि चार फेऱ्या भरल्या की झालं. फक्त बॅटरी वाचवायचा मोड चालू असेल तर काही ॲप मागे थांबवली जातात. इशारा उशिरा आला किंवा आलाच नाही तर आधी तिथे बघा.

राहिला पेपर सोडवायचा सराव. तिथे ही साखळी बंद करायची. बारावीचा फिजिक्सचा पेपर तीन तासांचा असतो. तास संपला की उठायची सवय लागलेल्या मुलाला दुसऱ्या तासाच्या शेवटी, नेमकं मोठी उत्तरं लिहिताना, अस्वस्थ व्हायला होतं. सरावाच्या दिवशी टोला बंद, ऑटो-रिपीट बंद, टायमर ३:००. राज्य मंडळाने २०२३ पासून शेवटी दिलेली जादा दहा मिनिटं सरावात धरू नका, ती तपासणीला राहू दे. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात फिजिक्स-केमिस्ट्रीला ९० मिनिटं आणि मॅथ्सला ९० मिनिटं असतात, तिथे टायमर १:३० चा, दोनदा हाताने सुरू केलेला. सीईटी संगणकावर असते आणि उरलेला वेळ स्क्रीनवर दिसतो. मुलगा मेडिकलची 'नीट' परीक्षा देणार असेल तर तिथे कुठलंच घड्याळ नेता येत नाही, म्हणून त्या सरावात मनगट मोकळं ठेवून भिंतीवरच्या घड्याळावर वेळ बघायला लावा. बोर्डाच्या परीक्षेलाही बँड किंवा स्मार्टवॉच नेऊ नये. काट्यांचं साधं घड्याळ जानेवारीपासूनच सरावाच्या पेपरांना वापरायला द्या. सराव संपल्यावर डिजिटल घड्याळातला टायमर १:०० वर आणि ऑटो-रिपीट परत चालू करायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी ५:१० ला सुरू केलेला टायमर थेट ८:१० ला वाजेल.